ग्रेडवरून एसजीपीए: 8.60 ऐवजी 8.36 का आला?

सेमिस्टरचा निकाल लागला की हल्ली बऱ्याच घरांत हा हिशेब होतो. मार्कशीटवर दहा विषय असतात आणि प्रत्येकापुढे एक अक्षर: कुठे O, कुठे A+, कुठे B. कोणीतरी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतं, अक्षरांचे गुण टाकतं, बेरीज करून दहाने भागतं आणि उत्तर येतं 8.60. मार्कशीटवर मात्र 8.36 छापलेले असते. मग "विद्यापीठानं घोळ घातला" इथपासून "आपलंच गणित कच्चं" इथपर्यंत सगळे निष्कर्ष काढून होतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवी पदवी रचना आली. तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे, कारण एका सेमिस्टरमध्ये विषयांची भाऊगर्दी झाली आणि सगळे विषय सारख्या वजनाचे राहिले नाहीत. 8.36 हा आकडा एक्सेलच्या किंवा गूगल शीट्सच्या एका ओळीत निघतो. ती ओळ कशी लिहायची आणि कुठे दगा देते, ते एकाच मार्कशीटवर पाहू.

## आधी तीन शब्द

क्रेडिट म्हणजे विषयाचे वजन. शासकीय मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. आठवड्याला एक तास व्याख्यान असे सत्रभर चालले की साधारण एक क्रेडिट होते. प्रॅक्टिकलला त्याच एका क्रेडिटसाठी दोन तास लागतात.

ग्रेड म्हणजे अक्षर, आणि त्या अक्षराला ठरवून दिलेला आकडा म्हणजे ग्रेड पॉइंट. विद्यापीठ अनुदान आयोगाचा दहा गुणांचा तक्ता असा आहे:

| ग्रेड | पॉइंट |
|---|---|
| O | 10 |
| A+ | 9 |
| A | 8 |
| B+ | 7 |
| B | 6 |
| C | 5 |
| P | 4 |
| F | 0 |
| Ab | 0 |

O म्हणजे सर्वोत्कृष्ट, P म्हणजे जेमतेम पास, F नापास आणि Ab गैरहजर. एका सेमिस्टरचा निकाल म्हणजे एसजीपीए, आणि आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरचा मिळून सीजीपीए. बाकी शब्द लागणार नाहीत.

## मार्कशीट समोर घेऊ

बी.एस्सी. भौतिकशास्त्राचे पहिले सेमिस्टर, 22 क्रेडिट. नव्या रचनेत पहिल्या सेमिस्टरची मांडणी बहुतेक ठिकाणी अशीच दिसते. ग्रेड मी उदाहरणासाठी घेतले आहेत.

| विषय | क्रेडिट | ग्रेड |
|---|---|---|
| मेजर थिअरी | 4 | B |
| मेजर प्रॅक्टिकल | 2 | O |
| ओपन इलेक्टिव्ह 1 | 2 | A+ |
| ओपन इलेक्टिव्ह 2 | 2 | A |
| व्होकेशनल स्किल | 2 | A+ |
| स्किल एन्हान्समेंट | 2 | O |
| इंग्रजी | 2 | B+ |
| व्हॅल्यू एज्युकेशन | 2 | A |
| भारतीय ज्ञान प्रणाली | 2 | A+ |
| को-करिक्युलर | 2 | O |

दहा पॉइंटांची नुसती बेरीज 86 येते, म्हणजे सरासरी 8.60. पण या सरासरीत भौतिकशास्त्राची थिअरी आणि को-करिक्युलर हे एकाच तोलाचे धरले गेले. एकाचे क्रेडिट चार, दुसऱ्याचे त्याच्या निम्मे.

किराणा दुकानाचे बिल कसे होते ते आठवा. दर किलोला किती ते एका बाजूला, किती किलो घेतले ते दुसऱ्या बाजूला. दोन्हींचा गुणाकार ओळीओळीने, आणि खाली बेरीज. एकूण रकमेला एकूण किलोंनी भागले की सरासरी दर मिळतो. पाच किलो तांदूळ आणि पाव किलो काजू घेऊन दोन दरांची बेरीज भागिले दोन कोणी करत नाही. इथे ग्रेड पॉइंट हा दर आणि क्रेडिट हे वजन.

हाताने करून पाहू. थिअरीचे 4 गुणिले 6 म्हणजे 24. O मिळालेले तीन विषय प्रत्येकी 20 देतात, म्हणजे 60. A+ चे तीन विषय प्रत्येकी 18, म्हणजे 54. A चे दोन मिळून 32, आणि B+ चे 14. एकूण 184. त्याला 22 ने भागले की 8.3636, म्हणजेच 8.36. मार्कशीट बरोबर आहे. दहापैकी एकच विषय चार क्रेडिटचा होता आणि नेमका त्यातच B आला. त्याने सरासरी 0.24 ने खाली खेचली.

## हेच शीटमध्ये

कोऱ्या शीटमध्ये A स्तंभात विषय, B मध्ये क्रेडिट आणि C मध्ये ग्रेड भरा. पहिली ओळ मथळ्यांची, म्हणजे आपले दहा विषय ओळ 2 ते 11 मध्ये बसतील. थोडी जागा सोडून F मध्ये ग्रेडची नऊ अक्षरे आणि G मध्ये त्यांचे पॉइंट, ओळ 2 ते 10. हा छोटा तक्ता वेगळा ठेवण्याचा कंटाळा करू नका. पॉइंट थेट फॉर्म्युल्यात `IF` वर `IF` रचून कोंबलेल्या शीट मी पाहिल्या आहेत. त्यात चूक कुठे आहे हे लिहिणाऱ्यालाही पुढच्या वर्षी सापडत नाही.

D स्तंभात प्रत्येक अक्षराचा पॉइंट शोधून आणायचा:

```
=VLOOKUP(C2,$F$2:$G$10,2,FALSE)
```

मराठीत सांगायचे तर: C2 मधले अक्षर तक्त्याच्या पहिल्या स्तंभात शोध, सापडले की त्याच ओळीतला दुसऱ्या स्तंभातला आकडा दे. डॉलरची चिन्हे यासाठी की फॉर्म्युला खाली ओढला तरी तक्ता जागचा हलू नये. शेवटचा `FALSE` म्हणजे हुबेहूब तेच अक्षर हवे. तो गाळला तर शीट तक्ता वर्णक्रमाने लावलेला आहे असे समजून अंदाजे जुळणी करते. आपला तक्ता O पासून सुरू होऊन मग A+ कडे जातो, त्यात वर्णक्रम कसलाच नाही, त्यामुळे उत्तरे भलतीच येतात.

आता मुख्य ओळ:

```
=SUMPRODUCT(B2:B11,D2:D11)/SUM(B2:B11)
```

`SUMPRODUCT` किराणा दुकानदाराचे काम करतो: B2 गुणिले D2, B3 गुणिले D3, असे खालपर्यंत, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज. म्हणजे 184. `SUM` एकूण क्रेडिट देतो, 22. भागाकार 8.3636.

D स्तंभ नको असेल तर दोन्ही पायऱ्या एकत्रही होतात:

```
=SUMPRODUCT(B2:B11,SUMIF(F2:F10,C2:C11,G2:G10))/SUM(B2:B11)
```

इथे `SUMIF` ला आपण एका अक्षराऐवजी दहा अक्षरांची यादी दिली आहे. ते तक्त्यात प्रत्येक अक्षर शोधून दहा पॉइंट परत देते आणि `SUMPRODUCT` त्यांना क्रेडिटशी गुणते. एकट्या मुलाच्या मार्कशीटला याची गरज नाही, D स्तंभ असलेला बरा, कारण काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते. पण वर्गशिक्षकांकडे साठ मुले आडव्या ओळींत आणि विषय उभ्या स्तंभांत असतात. तिथे प्रत्येक विषयाला जास्तीचा स्तंभ घातला तर शीट दुप्पट रुंद होते, आणि अशा वेळी ही एकत्र ओळ कामाला येते. फक्त क्रेडिटची ओळ आणि पॉइंटचा तक्ता डॉलरने बांधून ठेवायचा.

## फॉर्म्युला बरोबर, उत्तर चूक

एक्सेलने ओरडून सांगितलेली चूक परवडते. घातक चूक ती, जी गप्प बसून 8.00 सारखा सभ्य आकडा देते. या हिशेबात तशा चुका तीन-चार ठिकाणी दबा धरून बसलेल्या असतात.

सर्वांत नेहमीची म्हणजे O हे अक्षर आणि 0 हा शून्य. मार्कशीट बघून भराभर टाइप करताना प्रॅक्टिकलचा O शून्य म्हणून पडला, तर `VLOOKUP` ला तो तक्त्यात सापडत नाही आणि `#N/A` येते. हे चांगले, कारण चूक दिसते. `SUMIF` मात्र न सापडलेल्या ग्रेडला निमूटपणे शून्य पॉइंट देते. 184 मधून 20 गेले, 164 भागिले 22, उत्तर 7.45. पटण्यासारखा आकडा आहे आणि कोणाला शंकाही येणार नाही. शीटमध्ये ओळखायची एक सोपी खूण आहे: आकडा सेलच्या उजव्या कडेला सरकतो, अक्षर डावीकडे राहते.

तोच प्रकार मोकळ्या जागांचा. निकालाच्या वेबपानावरून किंवा पीडीएफमधून ग्रेड कॉपी केले की "A+" च्या मागे एक अदृश्य स्पेस चिकटून येते. दिसायला दोन्ही सारखे, पण शीटच्या दृष्टीने वेगळे. साधी स्पेस `TRIM` ने जाते. वेबपानावरची स्पेस बहुधा वेगळ्या जातीची असते, तिला `TRIM` हात लावत नाही. ती अशी काढावी लागते:

```
=TRIM(SUBSTITUTE(C2,CHAR(160),""))
```

तिसरा प्रकार मोठा मजेशीर आहे. काही विद्यापीठे ग्रेस मार्क मिळाल्याची खूण म्हणून ग्रेडपुढे चांदणी छापतात, उदाहरणार्थ B*. एक्सेलच्या शोधात चांदणीचा अर्थ "यापुढे काहीही चालेल" असा होतो. म्हणून `SUMIF` ला B* दिले की ते B+ चे 7 आणि B चे 6 असे दोन्ही उचलून 13 पॉइंट देते. दहाच्या मोजपट्टीवर तेरा! `VLOOKUP` पहिले सापडेल ते घेते, म्हणजे B+ चे 7. दोन्ही चूक. चांदणी शेजारच्या वेगळ्या स्तंभात लिहावी, ग्रेडला चिकटवू नये.

आणि चौथा लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी. शाळा-कॉलेजांच्या बऱ्याच संगणकांवर तेच असते. त्याच्या कॅल्कमध्ये शोधाची एक पद्धत आहे, रेग्युलर एक्स्प्रेशन. तिच्यात अधिकच्या चिन्हाचा अर्थ "आधीचे अक्षर एकदा किंवा जास्त वेळा" असा आहे. हा पर्याय चालू असेल तर तुम्ही A+ शोधायला सांगता आणि तो A शोधून आणतो. नऊऐवजी आठ. B+ च्या जागी B, सातऐवजी सहा. आपल्या मार्कशीटमध्ये A+ चे तीन विषय प्रत्येकी दोनने कमी होतात आणि B+ चा एक दोनने. 184 चे 176 होतात, आणि 176 भागिले 22 म्हणजे बरोब्बर 8.00. एवढा गोल आकडा पाहून उलट विश्वास बसतो. नव्या फायलींत हा पर्याय सहसा बंद असतो, पण ही सेटिंग फाइलीसोबत साठवली जाते, म्हणून जुनी फाइल पुढे चालवली की तो सोबत येऊ शकतो. कोऱ्या सेलमध्ये हे टाकून बघा:

```
=SUMIF($F$2:$F$10,"A+",$G$2:$G$10)
```

उत्तर 9 आले तर ठीक. 8 किंवा दुसरे काही आले तर `Tools` मधल्या `Options` मध्ये जाऊन `LibreOffice Calc` खालच्या `Calculate` पानावर रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय बंद करा.

पहिल्या तिन्ही चुकांना एकच पहारेकरी पुरतो. प्रत्येक ग्रेड तक्त्यात नेमका एकदाच सापडला पाहिजे. जो सापडत नाही किंवा दोनदा सापडतो, तो मोजायचा:

```
=SUMPRODUCT(--(COUNTIF(F2:F10,C2:C11)<>1))
```

उत्तर शून्य आले तरच वरच्या एसजीपीएवर भरवसा ठेवा. टाइप झालेला 0, मागे स्पेस असलेला A+, चांदणीवाला B, भरायचा राहिलेला ग्रेड, सगळे इथे पकडले जातात. लिब्रेऑफिसची गंमत मात्र याच्या हाती लागत नाही, कारण तिथे A+ ला एक A सापडतोच. म्हणून ती वेगळी तपासणी.

## "दहापैकी 10.22 आले, हे कसे?"

हा प्रश्न क्रेडिटच्या स्तंभातून येतो. कॉपी केलेला 4 कधी कधी आकडा नसतो, 4 सारखा दिसणारा मजकूर असतो. मेजर थिअरीचा 4 असा मजकूर झाला असे धरू.

वर लिहिल्याप्रमाणे `SUMPRODUCT` मध्ये दोन रकाने स्वल्पविरामाने दिले असतील तर मजकुराला तो शून्य मानतो. `SUM` ही मजकूर सोडून देतो. म्हणजे थिअरी हिशेबातूनच गायब होते: 160 भागिले 18, उत्तर 8.89. विद्यार्थी खूश. पण अनेक जण स्वल्पविरामाऐवजी गुणाकाराचे चिन्ह घालून `SUMPRODUCT(B2:B11*D2:D11)` असे लिहितात. गुणाकार करताना शीट मजकुरातला 4 आकड्यासारखा वापरते, म्हणून वर 184 पूर्ण येतात. खाली `SUM` मात्र त्याला मोजत नाही, म्हणून 18 च राहतात. 184 भागिले 18 म्हणजे 10.22.

विचित्र वाटेल, पण मला दुसरी चूक जास्त आवडते. निदान ती लपत नाही. दोन्हींवर उपाय एकच. एकूण क्रेडिट वेगळ्या सेलमध्ये काढा आणि मार्कशीटवर छापलेल्या क्रेडिटशी ताडून पाहा. तिथे 22 असेल आणि तुमच्याकडे 18, तर पुढचा आकडा वाचूच नका.

## नापास झालेला विषय धरायचा की सोडायचा?

F चा पॉइंट शून्य आहे, पण त्याचे क्रेडिट भाजकात राहते. थिअरीत B ऐवजी F आला असता तर वर 160 उरले असते, खाली 22 तसेच. एसजीपीए 7.27. "शून्यच आहे तर ओळ काढून टाकू" म्हणून ती पुसली तर 160 भागिले 18, पुन्हा तेच 8.89. नापास होऊन एसजीपीए वाढला! वरच्या मजकूर झालेल्या चारने हाच आकडा दिला होता हा योगायोग म्हणता येणार नाही. दोन्हींत थिअरी भाजकातून पडली.

हे झाले गणित. पुष्कळ विद्यापीठे एखादा विषय राहिला असेल तर एसजीपीए छापतच नाहीत, तिथे रेघ मारतात. तुम्ही काढलेला 7.27 तेव्हा स्वतःच्या माहितीसाठी. विषय सुटला की F च्या जागी नवा ग्रेड घालायचा. त्याच विषयाच्या दोन ओळी ठेवल्या तर क्रेडिट दोनदा मोजले जाते. जे विषय फक्त पास-नापास पद्धतीचे असतात आणि ज्यांचे क्रेडिट एसजीपीएत धरत नाहीत, ते मात्र या यादीत घालायचेच नाहीत.

## "सगळ्या सेमिस्टरची सरासरी काढली की सीजीपीए झाला ना?"

प्रत्येक सेमिस्टरला तेवढेच क्रेडिट असतील तर हो. 22 आणि 22 असतील तर साधी सरासरी चालते. पण ऐच्छिक विषय, प्रकल्प किंवा इंटर्नशिपमुळे काही अभ्यासक्रमांत सत्रागणिक क्रेडिट बदलतात, आणि मग मघाचाच प्रश्न एक पायरी वर जाऊन उभा राहतो.

पहिल्या सेमिस्टरला 22 क्रेडिट आणि 184 गुण, दुसऱ्याला 18 क्रेडिट आणि 126 गुण, म्हणजे एसजीपीए 7.00, असे समजा. 8.36 आणि 7.00 ची साधी सरासरी 7.68. खरा सीजीपीए 310 भागिले 40, म्हणजे 7.75. पहिल्या सेमिस्टरचे वजन जास्त होते आणि ते चांगले गेले होते, ते साध्या सरासरीत बुडाले. शीटमध्ये एका स्तंभात सेमिस्टरचे क्रेडिट, दुसऱ्यात एसजीपीए ठेवून तीच `SUMPRODUCT` ची ओळ पुन्हा वापरायची. दर्जाची पायरी बदलते, फॉर्म्युला तोच.

## मार्कशीटवर शेवटचा अंक एकने वेगळा का?

आयोगाच्या नियमानुसार उत्तर दोन दशांशांपर्यंत जवळच्या अंकाला आणायचे असते. शीटमध्ये त्यासाठी सगळ्या भागाकाराला `ROUND(...,2)` मध्ये गुंडाळावे. नुसते सेलचे स्वरूप बदलून दोन दशांश दाखवले तर आत 8.363636 तसेच राहतात, आणि पुढच्या हिशेबात तेच जातात. सीजीपीए काढताना ते सोयीचे ठरते. पण विद्यापीठाने छापील 8.36 वरून पुढचा हिशेब केला असेल तर तुमचा शेवटचा अंक हलू शकतो.

दुसरी शक्यता अशी की तिसऱ्या दशांशापासून पुढे नुसते छाटले. 8.36 च्या बाबतीत काही फरक पडत नाही. पण 188 भागिले 22 घ्या: 8.5454. जवळच्या अंकाला आणले तर 8.55, छाटले तर 8.54. फरक 0.01 चा असेल तर तो बहुतेक इथला. त्यापेक्षा मोठा असेल तर वरच्या चुका पुन्हा तपासा.

हा 188 चा आकडा मी हवेतून काढलेला नाही. कॅम्पस मुलाखतीसाठी 8.50 ची अट आहे असे समजा. त्याला 22 क्रेडिटवर 187 गुण लागतात, म्हणजे तीन कमी पडतात. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज एकाच विषयाला करायचा असेल तर कोणत्या? दोन क्रेडिटच्या इंग्रजीत B+ चा A झाला तर दोनच गुण वाढतात, 8.45 वर गाडी थांबते. थिअरीत B चा B+ झाला की चार वाढतात, 188, आणि काम फत्ते. पाच मिनिटे C स्तंभात ग्रेड बदलून पाहिले की हे समोर दिसते. फी भरण्याआधी ती पाच मिनिटे द्यावीत. अर्थात पेपरात गुण वाढण्याची शक्यता कुठे आहे, ते शीट सांगणार नाही.

## "सगळीकडे हाच तक्ता चालतो का?"

नाही, आणि म्हणूनच तो F आणि G स्तंभांत वेगळा ठेवला. मुंबई विद्यापीठात काही वर्षे सात गुणांची पद्धत होती. तिच्यात O ला 7 मिळायचे. त्या काळची मार्कशीट दहाच्या तक्त्यावर टाकली तर उत्तर निव्वळ काल्पनिक येईल. आयआयटी मुंबईत अक्षरे जोडीने येतात: AA ला 10, AB ला 9, BB ला 8. गंमत म्हणजे आयोगाच्या तक्त्यात Ab म्हणजे गैरहजर, शून्य. शीटला लहान-मोठ्या लिपीतला फरक कळत नाही, त्यामुळे दोन संस्थांचे तक्ते एकाखाली एक जोडून "सगळ्यांना चालणारा" तक्ता करायला गेलात तर `SUMIF` गैरहजर मुलाला 9 देईल. एका संस्थेला एक तक्ता.

किती टक्क्यांना कोणता ग्रेड, हेही विद्यापीठागणिक बदलते. शिवाय ग्रेड मिळाला की आतले गुण पुसले जातात. 60 ते 69 ला एकच ग्रेड असेल तर 61 वाला आणि 69 वाला एसजीपीएत एकाच पाटावर बसतात. एसजीपीएवरून मूळ गुण परत काढता येत नाहीत ते यामुळे.

## मग टक्केवारी काय लिहायची?

नोकरीच्या अर्जात टक्केवारीचा रकाना असतोच. 8.36 ला दहाने गुणून 83.6 लिहिणारे पुष्कळ. दहावीच्या सीबीएसईच्या जुन्या सीजीपीएसाठी 9.5 चा गुणक होता. तो लक्षात असलेले 79.4 लिहितात. तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद म्हणजे एआयसीटीई हिचा तक्ता 6.25 ला 55 टक्के, 6.75 ला 60 आणि 7.25 ला 65 धरतो, म्हणजे सीजीपीएमधून 0.75 वजा करून दहाने गुणायचे. त्या हिशेबाने 8.36 चे 76.1 टक्के होतात. एकाच मार्कशीटचे तीन आकडे, आणि पहिल्या-शेवटच्यात साडेसात टक्क्यांचे अंतर. विद्यापीठाचे स्वतःचे सूत्र मार्कशीटच्या मागे छापलेले असेल तर तेच वापरावे. नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचे पत्र घ्यावे. कागदपत्र पडताळणीत तोच कागद मागतात.

परदेशी विद्यापीठांना अर्ज करणारे 8.36 ला 2.5 ने भागून चारच्या मोजपट्टीवर 3.34 काढतात. अमेरिकेत A ला 4 आणि B ला 3 असतात, म्हणजे तिथला B हा चारपैकी तीन, पाऊणपट. आपल्या तक्त्यात B ला दहापैकी सहाच मिळतात, आणि 2.5 ने भागल्यावर त्याचे 2.4 होतात. दोन मोजपट्ट्यांच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, तेव्हा सरसकट भागाकाराने त्या जुळत नाहीत. अर्जात मोजपट्टी विचारली असेल तर 10 लिहावे, खाली 8.36 लिहावे आणि चारवर आणण्याचे काम त्यांच्यावर सोडावे.